‘सोलापुरात असा अभ्यास झालेला नाही’ एवढं कारण पुरत नाही

*मी सोलापूरला एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तोंडात पेन धरण्याचा १९८८चा प्रयोग मी प्रबंधासाठी पुन्हा केला. कॅमेरा लावला नाही आणि व्यंगचित्रं मराठी घेतली. मॅडमनी प्रस्तावना परत दिली. म्हणाल्या, “मूळ निष्कर्ष काय होता आणि तो पुन्हा का तपासलास, हे कळत नाही.” पीएचडीच्या मुलाखतीला हाच प्रबंध न्यायचा आहे. काय बदलू?*

तुझी पाच पानं दोनदा वाचली. पहिली तीन पानं भावनांच्या व्याख्या, डार्विन आणि विल्यम जेम्स यांत गेली आहेत. ज्या प्रयोगासाठी तू एवढे दिवस घातलेस, तो चौथ्या पानावर एका वाक्यात येतो: “हसण्याने आनंद वाढतो हे स्ट्रॅक यांनी सिद्ध केले.” मॅडम इथेच अडल्या असणार, कारण हे वाक्य त्या प्रयोगाचं नाहीच.

त्या प्रयोगात कुणालाही हसायला सांगितलं नव्हतं, आणि सगळी खुबी त्यातच होती. हात वापरता न येणारी माणसं कामं कशी करतात ते पाहायचंय, असं ९२ विद्यार्थ्यांना सांगितलं होतं. काहींनी पेन दातांत धरलं. त्यात चेहरा आपसूक हसऱ्यासारखा होतो. काहींनी ते ओठांत धरलं. त्यात हसणं अडतं. उरलेल्यांनी हातात धरलं. मग व्यंगचित्रं किती मजेशीर वाटली, याला ० ते ९ गुण द्यायचे होते. दातांच्या गटाची सरासरी ५.१४ आली, हाताच्या गटाची ४.७७ आणि ओठांच्या गटाची ४.३२. निष्कर्ष एवढाच. स्नायूंच्या हालचालीमुळे नकळत भावना बदलते, हा संशोधकांनी लावलेला अर्थ. निष्कर्ष आणि अर्थ वेगवेगळ्या वाक्यांत लिही. तुझे आकडे पहिल्याशी ताडून पाहता येतात, दुसऱ्याशी नाही.

आता कारण. “सोलापुरात असा अभ्यास झालेला नाही” असं तू लिहिलं आहेस. हे वाक्य मला खूप प्रबंधांत दिसतं आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण खरं कारण बहुतेकदा विद्यार्थ्याजवळ असतं. सोलापूरच्या मुलांचे स्नायू वेगळे वागतील असं तुला वाटत नाही, मग ठिकाण हे कारण होऊ शकत नाही. तुझं कारण तुझ्या पत्रातच आहे: कॅमेरा. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी मिळून १,८९४ जणांवर हाच प्रयोग केला. दात आणि ओठ यांतला फरक ०.८२ वरून ०.०३ वर आला. तेव्हा आक्षेप निघाला की या वेळी सहभागींसमोर कॅमेरा होता, मूळ प्रयोगात नव्हता, आणि कुणीतरी पाहतंय या जाणिवेने माणूस स्वतःच्या जाणवण्यावर कमी विसंबतो. २०१८ मध्ये इस्राएलमधल्या संशोधकांना कॅमेरा नसताना फरक दिसला, असताना दिसला नाही.

पहिला परिच्छेद मी असा लिहिला असता:

“स्ट्रॅक, मार्टिन आणि स्टेपर (१९८८) यांच्या प्रयोगात पेन दातांत धरणाऱ्यांना व्यंगचित्रे ओठांत धरणाऱ्यांपेक्षा ०.८२ गुणांनी अधिक मजेशीर वाटली. २०१६ च्या १७ प्रयोगशाळांच्या पुनरावृत्तीत हा फरक जवळपास दिसला नाही. मात्र तेथे सहभागींचे चित्रण होत होते. प्रस्तुत अभ्यासात मूळ प्रयोगाप्रमाणे कॅमेरा न ठेवता हा फरक पुन्हा आढळतो का, हे तपासले आहे. कार्यपद्धती मूळचीच आहे. व्यंगचित्रे मात्र मराठी आहेत.”

यापुढे दोन ठिकाणी जप. तुझ्याकडे कॅमेरा असलेला गट नाही. त्यामुळे “कॅमेऱ्याचा परिणाम तपासला” असं लिहू नकोस. त्यासाठी दोन्ही गट एकाच अभ्यासात लागतात. फरक दिसला तरी तो कॅमेरा नसल्यामुळेच दिसला असं तुला म्हणता येणार नाही. मुलाखतीत पहिला प्रश्न इथेच येईल. दुसरं, चित्रं बदलली हे प्रस्तावनेतच सांग आणि ती कशी निवडलीस तेही. चित्र फारच विनोदी असेल तर सगळेच आठ-नऊ गुण देतात, अगदी फिकं असेल तर सगळेच शून्य-एक, आणि दोन्ही वेळा फरक दिसायला जागाच उरत नाही. आधी वेगळ्या विद्यार्थ्यांकडून गुण घेऊन मधली चित्रं निवडली असशील तर एका वाक्यात लिही. निवडली नसशील, तर मर्यादांमध्ये तसं स्पष्ट नोंदव.

डार्विन आणि जेम्स अर्ध्या पानात बसतील, तेही या परिच्छेदानंतर. “सिद्ध केले” जिथे जिथे आहे तिथे “आढळले” कर. आणि तुझे निकाल प्रस्तावनेत डोकावू देऊ नकोस; सध्याच्या पाचव्या पानावर ते आधीच आले आहेत.