डिझायनरने सुचवलेलं व्यवसायाचं नाव आम्हाला नको आहे. त्यांना न दुखावता मेलमध्ये कसं कळवू आणि पुढे काय करायला सांगू?

खरं कारण लिहा, आणि पहिल्याच मेलमध्ये लिहा. मी ते लिहिलं नव्हतं. त्यापायी एका चांगल्या डिझायनरचे तीन आठवडे वाया गेले. ते अजून मनाला लागून आहे, म्हणून एवढं मोठं उत्तर लिहायला बसलोय.

आमचं काम जुनं लाकडी फर्निचर दुरुस्त करण्याचं. भागीदार दोघं, मी आणि माझा मेहुणा. सैल झालेले सांधे, तुटलेले पाय, उसवलेलं वेताचं विणकाम, उडालेलं पॉलिश असं सगळं घेतो. पण एक गोष्ट कटाक्षाने पाळतो. खुर्चीच्या हातावर वर्षानुवर्षं तळवे घासून जी गुळगुळीत चकाकी येते ती आम्ही पॉलिशपेपर मारून काढत नाही. खराब झालेला तेवढाच तुकडा बदलतो, बाकीचं लाकूड जसं आहे तसं राहू देतो. कित्येकदा लोक नेमके यासाठीच आमच्याकडे येतात.

डिझायनरने तीन नावं दिली आणि त्यातलं त्यांचं आवडतं होतं 'पुनर्नवा'. सोबत सुंदर अक्षरलेखन. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही आवडलं. दोन दिवसांनी मात्र काहीतरी टोचायला लागलं, आणि नेमकं काय टोचतंय हे न शोधताच मी मेल पाठवून दिला: 'नाव छान आहे, पण जरा जड वाटतंय. अजून काही ऑप्शन्स पाठवाल का? काहीतरी हटके.'

त्यांनी 'जड'चा अर्थ संस्कृत असा घेतला. दुसरा कोणीही तोच घेतला असता. पुढची यादी आली ती 'नवंकोरं', 'चकाचक', 'पुन्हानवं' अशी. नावं हलकी झाली होती, म्हणजे मी सांगितलं तेच त्यांनी केलं होतं, आणि एकही नाव आमचं नव्हतं. मेहुणा म्हणाला, 'बाई चांगल्या नाहीत, दुसरं कोणीतरी बघू.' मी म्हटलं, चूक आपल्या मेलची आहे. तिथून जे भांडण सुरू झालं ते आजही मिटलेलं नाही.

त्या रात्री कागद घेऊन बसलो आणि 'जड वाटतंय' खोडून त्याखाली खरं काय आहे ते लिहायला लागलो. सगळ्यात आधी आठवली आमची एक जुनी ग्राहक. तिला मी हे नाव सहज सांगितलं होतं, तर तिने लगेच विचारलं, 'म्हणजे कपाट अगदी नव्यासारखं होणार ना? डाग सगळे जातील?' पुनर्नवा म्हणजे पुन्हा नवी झालेली. नाव आमच्या कामाच्या नेमकं उलट वचन देत होतं! मला टोचत होतं ते हे, आणि मी त्याला जडपणा म्हणत होतो.

दुसरं कारण शोधायला दोन मिनिटं लागली. पुनर्नवा ही आयुर्वेदातली औषधी वनस्पती आहे. नेटवर शोधलं की काढे, गोळ्या आणि चूर्णंच दिसतात. यात एक फरक समजून घ्या, कारण बहुतेक लोक इथे घोटाळा करतात. ट्रेडमार्कसाठी मालाचे आणि सेवांचे मिळून 45 वर्ग आहेत. औषधं वर्ग 5 मध्ये येतात, तर फर्निचरची दुरुस्ती वर्ग 37 मध्ये. त्यामुळे औषधवाल्यांनी एखादं नाव घेतलंय एवढ्यावरून ते दुरुस्तीसाठी आपोआप बंद होत नाही. आमची अडचण कायद्याची नव्हतीच. ग्राहक आम्हाला शोधायला जाणार आणि औषधांच्या ढिगात हरवणार, ही अडचण होती. मेलमध्ये या दोन गोष्टींची सरमिसळ केली की डिझायनर भलतंच तपासत बसतो.

तिसरं, मी अकरा ओळखीच्यांना फोन केला, नाव एकदाच सांगितलं आणि इंग्रजी लिपीत टाइप करून पाठवायला लावलं. चौघांनी Punarnava लिहिलं. बाकीच्यांकडून Punarnawa, Purnanava, Punarnva असं काय काय आलं. आम्हाला निम्मी कामं फोनवर तोंडी नाव सांगूनच मिळतात, तेव्हा हे सोडून देण्यासारखं नव्हतं.

मग हा मेल लिहिला. नमुना म्हणून घ्या, पण कारणं तुमची घाला.

विषय: 'पुनर्नवा' का घेत नाही आणि पुढची दिशा

नमस्कार,

'पुनर्नवा' आम्ही घेत नाही आहोत. निर्णय आम्हा दोघांचा आहे आणि पक्का आहे, त्यामुळे याच नावाच्या वेगळ्या रूपांवर कृपया वेळ घालवू नका. मागच्या मेलमध्ये मी फक्त 'जड वाटतंय' असं लिहिलं होतं. ते नीट सांगितलं नाही म्हणून तुमची दुसरी यादी भलतीकडे गेली. ती चूक माझी, त्या यादीचे पैसे वेगळे लावा.

मुख्य कारण: हे नाव 'नवं करून देऊ' असं सांगतं. आम्ही जुनेपण राखतो. एका ग्राहकाने नाव ऐकून लगेच विचारलं की सगळे डाग जातील ना. शिवाय ते औषधी वनस्पतीचं नाव आहे, शोधल्यावर औषधंच दिसतात. आणि फोनवर ऐकून अकरापैकी चौघांनाच स्पेलिंग बरोबर लिहिता आलं. पण पहिलं कारण नसतं, तर या दोन्हींवर आपण काही मार्ग काढला असता.

आवडलं ते हे: एकच शब्द, मराठी, आणि ऐकल्यावर 'म्हणजे काय?' असं विचारावंसं वाटतं. ते तसंच राहू द्या.

पुढची दिशा: 'नवं' आणि 'पुन्हा' या दोन्ही कल्पना बाजूला ठेवू. वापराच्या खुणा, हाताळणं, टिकणं, जपणं या बाजूने पाहाल का? लाकडाच्या अंगावरच्या गोष्टी, सुतारांच्या तोंडचे शब्द, घरातलं माणूस जुन्या वस्तूबद्दल बोलताना वापरतं ते शब्द. दोन-तीन अक्षरं, शक्यतो जोडाक्षर नको.

पाच-सहा नावं पुरेत. प्रत्येकापुढे ते का निवडलं याची एक ओळ असावी. लोगो किंवा अक्षरलेखन अजून नको, सगळी नावं एकाच साध्या फॉन्टमध्ये पाठवा. पुढच्या शुक्रवारपर्यंत जमेल का?

मेल इथे संपला. यात सगळ्यात जास्त वेळ गेला तो कारणांचा क्रम लावण्यात. तिन्ही कारणं सारख्याच जोराने लिहिली असती तर त्यांनी सोपं स्पेलिंग असलेलं आणि नेटवर मोकळं असलेलं एखादं 'नवं'वालं नाव पाठवलं असतं, आणि तीनपैकी दोन गोष्टी जमल्या म्हणून त्या बरोबरच ठरल्या असत्या. कोणत्या कारणामुळे नाव पडलं आणि कोणती नुसती अडचण होती, हे वेगळं कळायला हवं.

फॉन्टची अट मला पहिल्या फेरीतून समजली. 'पुनर्नवा' आम्हाला दोन दिवस आवडलं होतं ते त्या अक्षरांच्या वळणामुळे. नाव निवडताना चित्र बघू नका.

चार दिवसांनी सहा नावं आली. 'सांधा' मला फार आवडलं, पण शोधलं की गुडघेदुखी निघते, म्हणजे पुन्हा दवाखान्याच्याच दारात. 'रंधा' मेहुण्याला आवडलं. ते मी नाकारलं, कारण रंधा वरचा थर तासून काढतो आणि आम्ही नेमका तोच थर वाचवतो. यादीखाली त्यांनी एक टीप लिहिली होती: 'कळा (तेज या अर्थाने) सुचलं होतं, पण वेदना असाही अर्थ होतो, आणि Kala लिहिलं की कोणी काळा वाचेल, कोणी कला. म्हणून पाठवत नाही.' ती टीप मी मेहुण्याला दोनदा वाचून दाखवली. कारणं कळल्यावर त्या आमच्या वतीने नावं गाळायला लागल्या होत्या. शेवटी घेतलं ते यादीतलं पाचवं नाव. ते इथे देत नाही, त्यावरून मी कोण ते लगेच कळेल.

मेहुण्याचं म्हणणं अजून तेच आहे, की डिझायनरला कारणं सांगितली की त्याची कल्पनाशक्ती बांधली जाते, त्याला मोकळं सोडावं, आणि 'कोडॅकला तरी काय अर्थ होता?' कोडॅकला अर्थ नव्हता हे खरं, पण जॉर्ज ईस्टमनने 1888 साली नोंदवलेलं ते नाव मोकाट सुटून सापडलेलं नव्हतं. नाव छोटं असावं, त्याचा उच्चार चुकता कामा नये, आणि ते त्या धंद्यातल्या दुसऱ्या कशासारखं वाटू नये, असे त्याचे निकष होते. जगातलं सगळ्यात निरर्थक नावसुद्धा अटी घालून बनलेलं आहे. शिवाय निरर्थक शब्दात अर्थ भरायला जाहिरातीवर वर्षानुवर्षं पैसा ओतावा लागतो, तो आम्ही दोघं कुठून आणणार होतो? 'हटके द्या' म्हणणं याला मी मोकळीक मानत नाही. आपण विचार करायचा कंटाळा केला आणि ते काम दुसऱ्याच्या गळ्यात टाकलं, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुमच्यासाठी दोन-तीन गोष्टी ज्या आधीच सांगायला हव्या होत्या. करारात नावांच्या किती फेऱ्या धरल्या आहेत ते मेल लिहिण्याआधी बघा. डिझायनरला फक्त लोगोसाठी घेतलं असेल तर नाव शोधणं हे जादा काम आहे, तसं आधी बोलून घ्या. तुमचं कारण निव्वळ आवडीचं असेल, म्हणजे घरातल्या कोणाला तो शब्दच पसंत नसेल, तर तेही तसंच लिहा. ते पुरेसं कारण आहे, त्याला तर्काचे कपडे घालू नका. आणि निर्णय घेणारी माणसं एकाहून जास्त असतील तर सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय मेल पाठवू नका.

नाकारलेलं नाव कोणाचं, हेही करारात पाहून मेलमध्ये एका ओळीत स्पष्ट करा. आम्ही ते विसरलो होतो. त्यांनीच नंतर विचारलं की 'पुनर्नवा' दुसरीकडे वापरलं तर चालेल का. मी लगेच होकार दिला. पुढे त्यांनी ते रद्दी कागदापासून वह्या बनवणाऱ्या एकाला दिलं. जुन्याचं नवं करणं हेच त्याचं काम.