सोसायटीच्या वेबसाइटवर मेंटेनन्स घेताना मुद्दल आणि व्याज वेगळं ठेवा

प्रश्न: रत्नागिरीत आमची २४ फ्लॅटची सोसायटी आहे. निम्मे मालक मुंबई-पुण्यात असतात. नोटिसा, मेंटेनन्स भरणं आणि तक्रारी यासाठी वेबसाइट करून घ्यायची ठरली आहे. करून घेताना नेमकं कशाकडे लक्ष द्यावं?

उत्तर: पैशांकडे. नोटिसा चढवणं आणि तक्रार नोंदवणं एवढं कुठलाही बरा डेव्हलपर करून देतो. घोळ होतो तो थकबाकीच्या हिशेबात. मी चिपळूणला बसून काही सोसायट्यांची खाती लिहितो. कमिटीची भांडणं मी पाहिली आहेत ती बहुतेक 'हा आकडा आला कुठून' याच प्रश्नावरची.

आपल्याकडे चाकरमानी मालक महिन्याच्या महिन्याला भरत नाहीत. गणपतीला गावी आले की खिशातून एकरकमी काढतात, तीही गोल रक्कम. समजा, तुमचं बिल तिमाहीला ५,४०० रुपये आहे. बी-३०२ वाल्यांनी एप्रिल-जूनचं बिल ३० एप्रिलपर्यंत आणि जुलै-सप्टेंबरचं ३१ जुलैपर्यंत भरायला हवं होतं. त्यांनी २९ ऑगस्टला एकदम १०,००० भरले. आदर्श उपविधींत थकबाकीवर जास्तीत जास्त वार्षिक २१ टक्के सरळ व्याज सांगितलेलं आहे. दर सर्वसाधारण सभेने ठरवायचा असतो. तुमच्या सभेने २१ च ठरवला आहे असं धरू. मग पहिल्या बिलावर १२१ दिवसांचे ३७६ आणि दुसऱ्यावर २९ दिवसांचे ९० रुपये, मिळून व्याज ४६६ होतं.

आता हे १०,००० कुठे जमा करायचे? आधी व्याजात टाकले तर व्याज संपतं, पहिलं बिल संपतं आणि दुसऱ्या बिलाचं मुद्दल १,२६६ उरतं. आधी मुद्दलात टाकले तर मुद्दल ८०० आणि व्याज ४६६ उरतं. बेरीज दोन्हीकडे १,२६६ च! म्हणून कमिटीतल्या कुणाला फरक जाणवत नाही. पण पुढचं व्याज पहिल्या पद्धतीत १,२६६ वर चालतं आणि दुसरीत फक्त ८०० वर. कुठली पद्धत घ्यायची ते आधी उपविधीत पाहा, तिथे काही नसेल तर सभेत ठराव करा, आणि मगच डेव्हलपरला सांगा. नाहीतर ते डेव्हलपर ठरवतो, आणि त्याचं त्यालाही माहीत नसतं.

दुसरी गफलत जास्त वाईट. बरीच तयार सॉफ्टवेअरं पुढच्या बिलात 'मागील बाकी' म्हणून एकच आकडा पुढे ओढतात. त्यात मुद्दल आणि न भरलेलं व्याज एकत्र होतं, आणि पुढच्या वेळी व्याजावर व्याज लागतं. हे चक्रवाढ झालं, सरळ नव्हे. एका सोसायटीत एका काकांनी छापील बिल आणि कॅल्क्युलेटर घेऊन सभेत उभं राहून हे दाखवलं. सेक्रेटरींकडे उत्तर नव्हतं, कारण स्क्रीनवर मुद्दलाचा रकाना वेगळा नव्हताच.

पैसे देण्याआधी ही चाचणी करून घ्या. एक खोटा फ्लॅट तयार करा, वरचीच दोन बिलं लावा आणि काहीच भरू नका. ३० सप्टेंबरला ६६५ च्या आसपास व्याज दिसेल आणि एकूण बाकी ११,४६५. आता तिसरं बिल न लावता पुढच्या महिन्याचं व्याज काढायला सांगा. १०,८०० वर महिन्याचं व्याज १८९ येतं, दिवस मोजून काढलं तर तीन-चार रुपये इकडेतिकडे. २०० च्या वर गेलं तर समजा, व्याजावर व्याज लागतंय. प्रत्येक सदस्याच्या खात्यात मुद्दल, व्याज, जमा आणि शिल्लक असे वेगळे रकाने मागा. व्याजाचा दरही कायमचा कोरलेला नको. कुठल्या तारखेपासून कुठला दर, असा बदलता यायला हवा, म्हणजे उद्या सभेने दर उतरवला तर जुना हिशेब हलणार नाही.

पैसे येण्याची वाट. २४ फ्लॅटना पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन सोसायटीच्या खात्यात पोचवणारी मधली सेवा, लागतोच असं नाही. सोसायटीच्या खात्याच्या यूपीआय आयडीवरून प्रत्येक बिलाखाली अशी लिंक देता येते:

```
upi://pay?pa=society@bank&pn=Society&am=5400.00&cu=INR&tn=B302-AprJun
```

फोनवर दाबली की रक्कम आणि फ्लॅट नंबर भरलेलाच येतो. मात्र पैसे आले हे वेबसाइटला आपोआप कळत नाही, आणि शेरा बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पुरा उमटेलच असंही नाही. म्हणून सदस्याला व्यवहाराचा १२ अंकी नंबर साइटवर टाकू द्या आणि खजिनदाराने स्टेटमेंटशी जुळवून मगच पावती सोडावी. नुसत्या स्क्रीनशॉटवर पावती देऊ नका.

गेटवे घेतलात तर पावती कधी फुटते ते विचारा. सदस्याच्या ब्राउझरवर 'यशस्वी' पान उघडलं म्हणून नव्हे, तर गेटवेकडून तुमच्या सर्व्हरला आलेल्या पक्क्या निरोपावरच ती निघावी. कोकण रेल्वेत बसून कुणी पैसे भरले आणि गाडी करबुडेच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरली, तर खात्यातून पैसे गेलेले असतात आणि पान मात्र फिरत राहतं. माणूस घाबरून पुन्हा भरतो. त्यासाठी बिलाला 'बाकी' आणि 'जमा' यांच्यामध्ये 'तपासणी चालू' अशी स्थिती हवी, आणि ती असेपर्यंत भरण्याचं बटण बंद. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे, व्यापाऱ्याला पोच न मिळालेले यूपीआयचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे वाक्य त्याच पानावर छापून टाका, सेक्रेटरींचे निम्मे फोन वाचतील.

गेटवेचे पैसे बँकेत एक-दोन कामकाजी दिवसांनी येतात, तेही बहुधा शुल्क कापून. तरी सदस्याच्या खात्यावर पूर्ण ५,४०० आणि भरल्याचीच तारीख लागली पाहिजे. शुल्क सोसायटीच्या खर्चात वेगळं दाखवा.

नोटिसांबद्दल एवढंच: सर्वसाधारण सभेची नोटीस फक्त साइटवर टाकून भागत नाही. पूर्ण १४ दिवस आधी सदस्याला पोचल्याचा पुरावा लागतो, तेव्हा ईमेलची नोंद ठेवा आणि जिन्याखालच्या फलकावरही लावा. थकबाकीदारांची यादी लॉगिनच्या आतच असू द्या.

तक्रारीत पावसाळी गळती वेगळी काढा. गच्ची आणि बाहेरच्या पाइपची गळती सोसायटीची, वरच्याच्या बाथरूममधून आलेली त्या दोघा सदस्यांमधली. फॉर्ममध्ये 'पाऊस नसतानाही गळतं का?' हा एक प्रश्न घातलात तर बरंचसं तिथेच कळतं.

आणि साइट सुरू करताना जुनी बाकी ३१ मार्चच्या ऑडिट झालेल्या यादीतूनच घ्या, मुद्दल आणि व्याज फोडून. मालक गावी असतील तेव्हा प्रत्येकाला त्याचा आकडा दाखवून सही घ्या. सही नसलेल्या फ्लॅटचं ऑनलाइन भरणं तोवर चालू करू नका.