इनसायडर ट्रेडिंगमध्ये नक्की कोणाचं नुकसान होतं? सेबी एवढी हात धुऊन मागे का लागते?

कंपनीची आतली बातमी आधीच कळलेल्या माणसाला ज्याने शेअर विकले, त्याचं. आमचे दाजीही मला हेच विचारतात, दर दसऱ्याला.

मी तेव्हा एका लिस्टेड कंपनीच्या अकाउंट्समध्ये होतो. सप्टेंबरची तिमाही संपली की आमची ट्रेडिंग विंडो बंद; निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत आम्ही कंपनीच्या शेअरला हात लावायचा नाही. दसऱ्याला ताईकडे जेवायला गेलो. दाजी म्हणाले, "डोळे का सुजलेत रे?" मी बोलून गेलो, "रात्री अकरापर्यंत बसतोय, यंदा आकडेच तसे आलेत." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी २१२ रुपयांनी ५०० शेअर उचलले आणि निकालानंतर २५८ ला काढले. तेवीस हजार सुटले. मला पत्ता नाही.

दोनेक महिन्यांनी एक्स्चेंजकडून कंपनीला यादी आली. निकालाआधी ज्यांनी खरेदी केली त्यांची नावं, आणि प्रश्न एकच: यातल्या कोणाला ओळखता का? यादी आम्हा सगळ्यांकडे फिरली. दुसऱ्या पानावर दाजी. मी लिहिलं, "हो, बहिणीचे पती." माझं इन्क्रिमेंट थांबलं, कंपनीने एक्स्चेंजला कळवलं आणि दाजींना खुलासा मागणारं पत्र गेलं. कायद्यात किमान दंडच दहा लाखांचा आहे, नफा तेवीस हजार असला तरी. ऐकून खरेदी करणाराही सांगणाऱ्याइतकाच अडकतो.

दाजींचं पालुपद ठरलेलं: "मी कोणाचा खिसा कापला? तू लिहिलंस कशाला?" अहो, २१२ ला ज्याने तुम्हाला विकले त्याला आकडे माहीत असते तर त्याने विकले असते का? तो कुठे राहतो ते कळत नाही, म्हणून तो नाहीच असं होत नाही. आणि असं सर्रास चालायला लागलं की प्रत्येक जण समोरचा आतला माणूस असेल असं धरूनच भाव पाडून मागतो. मग त्याच कंपनीला नवे शेअर विकून पैसा उभा करायचा तर तोही कमी भावातच. सेबीला धास्ती आहे ती याची.

बनावट भाव चढवणं वेगळं. तिथे बातमी खोटी असते, आपापसात खरेदी-विक्री करून उलाढाल फुगवतात आणि लोक धावले की वरच्या भावाला माल गळ्यात मारतात. त्याचे नियमही वेगळे, २००३ चे.

एक मात्र खरं, नुसतं नातं हा पुरावा नाही. पीसी ज्वेलरच्या प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटलंय: माहिती दिली-घेतली हे दाखवावं लागतं. दाजी हा निकाल फोनमध्ये ठेवून फिरतात. पण त्या जेवणाच्या पंगतीत मी बोललो होतो, आणि ताईनेही ते ऐकलंय.