दादा सही करत नाही, घराचं वाटप कसं होणार?

प्रश्न: "साताऱ्यात वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं घर आहे. आई-वडील आता नाहीत, मृत्युपत्रही नाही. दादा, ताई आणि मी अशी तिघांची नावं प्रॉपर्टी कार्डावर लागली आहेत. दादा तिथेच राहतो. तो विकूही देत नाही आणि वाटूनही देत नाही. मी माझा हिस्सा बाहेरच्याला विकू का?"

विकता येतो, पण घाई करू नका. राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला, तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 मुळे त्याला दादासोबत घराचा ताबा मागता येत नाही. त्यालाही वाटपाचाच दावा लावावा लागतो. त्या दाव्यात न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा दादा घेऊ शकतो. एवढं लचांड गळ्यात घेणारं गिऱ्हाईक भाव पाडूनच मागणार.

त्यापेक्षा वाटपाचा दावा तुम्हीच लावा, त्याला दादाची सही लागत नाही. ताई तुमच्या बाजूने असो वा नसो, तिला पक्षकार करावंच लागेल. वडिलांची आणखी काही मिळकत असेल तर तीही दाव्यात घ्या, नाहीतर दादा अपुऱ्या वाटपाची हरकत काढेल. न्यायालय आधी प्राथमिक हुकूमनाम्यात तिघांचा एक-तृतीयांश हिस्सा ठरवतं. मग कोर्ट कमिशनर घर मोजायला येतो.

खरी गंमत तिथे आहे. समजा घराची रुंदी 18 फूट आहे, जिना एक, संडास एक. प्रत्येकाला 6 फुटांची पट्टी देऊन कुणाचंच भलं होणार नाही. अशा वेळी 1893 च्या वाटप कायद्याचं कलम 2 उपयोगी पडतं. घर वाटण्याजोगं नाही आणि विकणंच जास्त फायद्याचं आहे असं पटलं, तर न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकतं. पण मागणी करणाऱ्यांचा एकत्रित हिस्सा निम्मा किंवा जास्त हवा. तुमचा एकट्याचा पुरत नाही. ताई सोबत आली की दोन-तृतीयांश होतो. म्हणून वकिलाआधी ताईकडे जा.

मात्र तुम्ही विक्री मागितली की कलम 3 नुसार दादा तुमचे दोघांचे हिस्से मूल्यांकनाच्या किमतीला मागू शकतो. घर 90 लाखांचं ठरलं, तर त्याला 60 लाख भरावे लागतील. त्याने तसा अर्ज दिल्यावर दावा मागे घेऊन त्याचा हा हक्क बुडवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्येच सांगितलं आहे. तेव्हा घर तुम्हालाच हवं असेल तर विक्री मागू नका. पैसे हवे असतील तर मूल्यांकनावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा, कारण कमी किंमत लागली की नुकसान थेट तुमचं. शेजारपाजारच्या अलीकडच्या खरेदीखतांच्या नकला आत्ताच काढून ठेवा.

दावा दाखल होताच त्याची नोटीस सब-रजिस्ट्रारकडे नोंदवा. महाराष्ट्रात ही नोंद नसेल, तर दादाने मध्येच आपला हिस्सा कुणाला लिहून दिल्यास दाव्याचा निकाल त्या खरेदीदारावर बंधनकारक ठरवणं अवघड जातं.