स्मॉग आणि धुरके: जोडशब्द रुळतो तेव्हा

ब्रंच, स्मॉग, वेबिनार असे शब्द कसे बनतात आणि प्रमाण कधी मानायचे?

पहिल्या शब्दाचा आरंभ आणि दुसऱ्याचा शेवट जोडून हे शब्द घडतात. स्मोकमधला ‘स्म’ आणि फॉगमधला ‘ऑग’ मिळून झालेला स्मॉग १९०५ साली लंडनमधील एका डॉक्टरच्या निबंधामुळे प्रचारात आला. मराठीतही धूर आणि धुके यांपासून ‘धुरके’ झाले. दोन्हींच्या आरंभी ‘ध’ असल्याने सांधा (माझ्या मते स्मॉगपेक्षाही) सफाईदार बसला. अवतरणचिन्हे व स्पष्टीकरण गळून पडले आणि शब्द विभक्ती सहज घेऊ लागला, की तो रुळला असे समजावे: ‘धुक्यात’प्रमाणे ‘धुरक्यात’. पुण्यात ‘वेबिनारला येताय ना?’ असे कोणीही विचारतो. ‘ब्रंच’ मात्र अजून हॉटेलच्या फलकांवरच अधिक दिसतो.