कल्हई, 1,056 युरो आणि इटलीच्या बाई

प्रश्न: नाशिकला आमचं पैठणीचं छोटं दुकान आहे. फ्रान्सच्या एक बाई आल्या होत्या, आता त्यांना 20 दुपट्टे हवेत. त्यांना इंग्रजी जेमतेम येतं, मला फ्रेंचचा गंध नाही. मोबाईलवर भाषांतर करून मेसेज पाठवला तर सौदा होतो का? कुणी केलंय का असं?

उत्तर:

होतो. मी केलाय, पण आधी चांगलीच फजिती करून घेतली. ती सविस्तर सांगतो, कारण तुमच्या मालाचे शब्दही माझ्या मालासारखेच आडवे येणार आहेत.

भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. एका जूनमध्ये इटलीच्या एक बाई गंगेवरून फिरत फिरत बाजारात आल्या. त्यांचं तिकडे स्वयंपाकाच्या भांड्यांचं दुकान. आतून कल्हई केलेलं तांब्याचं पातेलं त्यांनी उचललं, टिचकी मारून आवाज ऐकला, आत बोट फिरवलं. तेव्हाच कळलं की गिऱ्हाईक जाणतं आहे. सोबतच्या गाईडमार्फत नंबर दिला-घेतला आणि त्या गेल्या. आठवड्याने मेसेज आला: 48 पातेली हवीत, भाव आणि मुदत कळवा.

मी दुकानात बोलतो तसंच मराठीत लिहिलं, ॲपने इटालियन केलं, न बघता पाठवलं. मूळ मजकूर अजून फोनमध्ये आहे:

"ताई नमस्कार, दुकान तुमचंच आहे. कल्हई केलेली 48 पातेली, प्रत्येकी 1.250 किलो, सगळे मिळून 1,056 युरो. माल महिनाभरात होऊन जाईल."

दोन दिवसांनी उत्तर आलं. मराठीत करून वाचलं तर त्याचा अर्थ असा: मला दुकान विकत घ्यायचं नाही. डबाबंद खाणं नको, पातेली हवीत. एक पातेलं 1250 किलोचं कसं? आणि सगळ्याचं मिळून एक युरो पाच सेंट ही थट्टा आहे का?

पोरगं हसून लोळत होतं. मला घाम फुटला होता.

"दुकान तुमचंच आहे" हे सोडून द्या, ती माझीच हौस. आकड्यांचं मात्र नीट समजून घ्या, कारण फ्रान्सलाही तुम्हाला तेच नडेल. इटलीत दशांश दाखवायला स्वल्पविराम वापरतात आणि हजार तोडायला टिंब. आपलं बरोबर उलटं. आपल्या काट्यावर 1.250 दिसतं तेव्हा ते सव्वा किलो असतं, त्यांच्या डोळ्यांना ते साडेबाराशे दिसतं. माझे 1,056 युरो त्यांनी एक पूर्णांक काहीतरी असे वाचले. फ्रान्समध्येही दशांशाला स्वल्पविरामच असतो, हजार तोडायला बहुधा नुसती मोकळी जागा सोडतात. ॲप शब्द बदलतं, पण आकड्यांतली टिंबं कधी बदलतं, कधी तशीच ठेवतं. त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. साधा उपाय म्हणजे आकड्यात टिंब किंवा स्वल्पविराम येऊच द्यायचा नाही. किलोचे ग्रॅम करा, मीटरचे सेंटिमीटर करा, हजाराचा आकडा सलग लिहा. 1250 ग्रॅम, 1056 युरो. जगात कुठेही एकच वाचलं जातं.

आता कल्हई. हा खरा काटा होता, कारण ही चूक मला दिसणंच शक्य नव्हतं. मराठीतून इटालियनला जाताना ॲपचं भाषांतर बरेचदा इंग्रजीच्या पुलावरून जातं. कल्हई केलेलं म्हणजे इंग्रजीत टिन्ड. आणि टिन्ड म्हणजे डब्यात भरलेलंसुद्धा, टिन्ड फिश म्हणतात तसं. पुलावर त्या शब्दाचे दोन अर्थ झाले आणि पलीकडे चुकीचा उतरला. स्क्रीनवर `in scatola` आलं होतं, म्हणजे डबाबंद. ते मी उलटं मराठीत फिरवून वाचलं असतं तर तिथेच कळलं असतं.

म्हणून उलटं वाचायची सवय लावा. तयार झालेलं भाषांतर कॉपी करायचं आणि दुसऱ्या ॲपमध्ये परत मराठीत आणायचं. त्याच ॲपमध्ये फिरवलं तर कधी कधी चूक आल्या वाटेने परत जाते आणि तुमचा मूळ शब्द जसाच्या तसा समोर येतो. आपण खूश, समोरचा बुचकळ्यात.

मालाच्या मुख्य शब्दासाठी मात्र मी यावरही थांबत नाही. त्यांच्या भाषेतला शब्द फोटोंच्या शोधात टाकून बघतो. कल्हईच्या तांब्याला इटालियनमध्ये `rame stagnato` म्हणतात. तो टाकला तर बाहेरून लाल, आतून चांदीसारखी पांढरी पातेली ओळीने दिसली. पहिला शब्द टाकला तेव्हा टोमॅटो आणि माशांचे डबे आले होते. आपल्याला ती भाषा येत नसली तरी आपला माल आपल्याला ओळखता येतोच की.

मग माफी मागितली आणि दुसरा मेसेज केला. एका ओळीत एकच गोष्ट, प्रत्येक वाक्याला कर्ता आणि क्रियापद, गोडबोलेपणा शून्य:

"मी 48 तांब्याची पातेली विकतो. पातेल्याला आतून कल्हई आहे. एका पातेल्याचं वजन 1250 ग्रॅम आहे. एका पातेल्याची किंमत 22 युरो आहे. 48 पातेल्यांची किंमत 1056 युरो आहे. वाहतूक खर्च वेगळा आहे आणि तो तुम्ही द्याल. तुम्ही आधी 528 युरो पाठवाल. मी 14 ऑगस्टला माल पाठवेन. उरलेले 528 युरो तुम्ही माल निघण्याआधी पाठवाल."

मराठीत हे किती कोरडं वाटतं! दुकानात कुणाशी असं बोललो तर पुन्हा पायरी चढणार नाही. पण भाषांतराला हेच मानवतं. मराठीत आपण "पैसे आले की माल निघेल" म्हणतो. कोणाचे पैसे, कोणाचा माल, हे समोरच्याने समजून घ्यायचं असतं. ॲपला ते समजत नाही, मग ते स्वतःच कुणालातरी कर्ता करून टाकतं. "होऊन जाईल", "बघतो", "करून देऊ" हे तर हद्दपारच करा, आणि "परवा"सुद्धा. क्रियापद नसलं तर परवा म्हणजे गेलेला की येणारा हे आपल्यालाच कळत नाही. तारीख लिहा आणि महिना अक्षरात लिहा.

या मेसेजसोबत तीन फोटो जोडले: पातेलं आतून, पातेलं बाहेरून, आणि काट्यावर ठेवलेलं. काट्याच्या फोटोखाली 1250 g असं लिहिलं. नाहीतर ते टिंब पुन्हा घोळ घालणारच होतं.

उत्तर लगेच आलं, पण होकार नाही, प्रश्न आला: कल्हईत शिसं आहे का?

प्रश्न रास्त होता. कल्हई करताना पातेलं भट्टीवर तापवतात, आत नवसागराची पूड फिरवतात, पांढरा धूर उठतो, मग कथलाची कांडी टेकवली की कथील वितळतं आणि कापसाच्या बोळ्याने ते झरझर आत पसरवतात. शुद्ध कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं. त्यात शिसं मिसळलं तर ते आणखी कमी उष्णतेला वितळतं आणि स्वस्तही पडतं, म्हणून काही जण मिसळतात. अन्नाच्या भांड्यात ते विष आहे. युरोपात अन्नाला लागणाऱ्या वस्तूंसाठी 1935/2004 क्रमांकाचा नियम आहे, आणि माल दुकानात ठेवायचा तर त्याची जबाबदारी बाईंवर येणार होती.

मी लिहिलं, "शिसं नाही, खात्री बाळगा." भाषांतर अगदी बरोबर झालं, उलटं वाचूनही बरोबर आलं, पण बाई हलल्या नाहीत. बरोबरच आहे, माझ्या शब्दावर त्यांनी का विसंबावं? मग कल्हईवाल्या मामांकडची कथलाची कांडी आणि कल्हई केलेलं एक पातेलं प्रयोगशाळेत तपासून घेतलं आणि रिपोर्टचा फोटो पाठवला. त्यात कथलाची खूण Sn, शिशाची खूण Pb आणि पुढे आकडे. रसायनशास्त्राच्या खुणांना भाषांतर लागत नाही. संध्याकाळी दोन शब्दांचं उत्तर आलं: `Va bene`. ठीक आहे. चौथ्या दिवशी 528 युरो खात्यात. (निर्यातीसाठी आयईसी नंबर आधी काढून ठेवा. पैसे कशाचे हे बँक विचारतेच, तेव्हा तयार केलेलं प्रोफॉर्मा बिल हाताशी असू द्या. कस्टमसाठी तांब्याच्या भांड्यांचा एचएस कोड 7418 मी बिलावर घातला होता, तोही सगळीकडे एकच असतो.)

एवढं शिकूनही शेवटी एकदा पाय घसरलाच. ऑगस्टमध्ये पाणी चढलं, नदीतला दुतोंड्या मारुती बुडत चालला, बाजारात पाणी शिरलं. मी घाईत लिहिलं, "गंगेला पूर आलाय, माल 18 ऑगस्टला निघेल." आपण नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो. ॲपने इमानदारीत उत्तरेतली गंगा केली. बाईंनी नकाशा काढून विचारलं, ही नदी तर तुमच्यापासून फार लांब आहे? आवाज ऐकू आला नाही, पण संशय कळला. मग गुडघाभर पाण्यातलं दुकानाचं शटर आणि मारुतीचा फोटो पाठवला, खाली नदीचं नाव गोदावरी असं लिहिलं. पैसे आले, माल 18 ला गेला.

आता तुमचं. दुपट्ट्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये द्या. रेशीम आणि जरीची तार वेगवेगळ्या वाक्यांत लिहा, आणि तार खरी आहे की नकली हे स्पष्ट सांगा, तो प्रश्न येणारच. "मोराचा पदर"मध्ये पदर म्हणजे काय हे ॲपवर सोडू नका, दुपट्ट्याच्या टोकाचा फोटो काढून त्यावर बाण करा. आणि "नारळी काठ" आहे तसा टाकून उलटं वाचून बघा. काठ म्हणजे नदीचा किनाराही असतो, त्यामुळे बाईंना नारळाच्या झाडांचा समुद्रकिनारा विकायला निघाल अशी मला दाट शंका आहे.