जुना रोखा विकून नवा घ्यावा का?

प्रश्न: नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो, वय 61. काही वर्षांपूर्वी रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवरून 10 लाखांचा सरकारी रोखा घेतला, व्याज 6.10 टक्के, मुदत संपायला पाच वर्षं आहेत. आता त्याचा भाव 95.85 दाखवतात, म्हणजे 41,500 रुपयांचा तोटा. सरकारी रोख्यात तोटा होतोच कसा? मित्र म्हणतो, हा काढून टाक आणि पाच वर्षांचाच 7.10 टक्क्यांचा नवा घे, वाढीव व्याजात तोटा भरून निघेल. पेन्शन आणि कॉलेज रोडच्या दुकानाचं भाडं धरून मी 20 टक्के कराच्या टप्प्यात येतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 12 लाख आहेत, पैसे अडकतात म्हणून पुढे टाकले नाहीत. दोन वर्षांनी घराच्या कामाला 4 लाख लागतील. काय करू?

उत्तर:

नमस्कार. मित्राचं ऐकू नका. पण रोखा आहे तसाच ठेवा, असंही मी म्हणणार नाही. तिसरी एक वाट तुमच्याकडे आधीपासून आहे, तिच्याकडे येतोच. त्याआधी हे 41,500 रुपये गेले कुठे ते पाहू, कारण ते कळलं की मित्राचा हिशेब कुठे चुकतो ते आपोआप दिसतं.

तुमचं कॉलेज रोडचं दुकान घ्या. समजा भाडेकरार पाच वर्षांसाठी जुन्या भाड्याने बांधलेला आहे आणि शेजारच्या गाळ्यांची भाडी आता वाढलीत. भाडेकरू चांगला, पैसे वेळेवर देणारा. तरीही आज ते दुकान घेणारा माणूस शेजारच्या मोकळ्या गाळ्याइतकी किंमत देणार नाही, कारण पाच वर्षं त्याला कमी भाड्यावर राहावं लागणार. रोख्याचं तसंच आहे. सरकार तुमचे पैसे बुडवत नाहीये. दर सहा महिन्यांनी 30,500 रुपये येत राहतील आणि मुदत संपल्यावर पूर्ण 10 लाख मिळतील. फक्त बाजारात 100 रुपयांना वर्षाला 7.10 देणारा कागद मिळत असताना 6.10 देणाऱ्या कागदाला कोणी 100 मोजणार नाही. व्याजाचा आकडा छापलेला, तो हलत नाही. म्हणून हलते ती किंमत. बाजारातला दर वर गेला की जुन्या रोख्याचा भाव खाली येतो, दर खाली आला की भाव वर चढतो. बाजारदर 5.10 टक्के झाला असता, तर हाच कागद 104.36 च्या आसपास दिसला असता आणि तुम्ही मला पत्रच लिहिलं नसतं.

भाव नेमका 95.85 च का? इथे बरेच जण साधा त्रैराशिक मांडतात: 6.10 हे 7.10 टक्के व्हायला किंमत 86 च्या आसपास हवी. तसं होत नाही, कारण घेणाऱ्याला शेवटी 86 नव्हे, 100 रुपये परत मिळणार आहेत. 95.85 ला घेणाऱ्याला दर वर्षी 6.10 मिळतात, शिवाय पाच वर्षांच्या शेवटी 4.15 रुपये जास्तीचे. ही दोन्ही मिळून त्याची कमाई वर्षाला बरोबर 7.10 टक्क्यांवर बसते. बाजार भाव ठरवतो तो असा, नव्या कागदाशी तंतोतंत बरोबरी होईपर्यंत.

यात उरलेल्या मुदतीचा वाटा मोठा असतो. हाच 6.10 चा रोखा एक वर्षाने संपणार असता तर भाव 99.05 असता. वीस वर्षं बाकी असती तर 89.40. कमी व्याज जितकी वर्षं सोसायचं, तितकी सूट जास्त. मे 2020 मध्ये 4 टक्क्यांवर आलेला रेपो दर रिझर्व्ह बँकेने मे 2022 पासून वाढवत नेला आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत 6.50 वर नेला. त्या काळात लांब मुदतीचे कागद धरून बसलेल्यांना हा धडा महागात पडला.

आता मित्राचा सल्ला आकड्यांत. रोखा विकून 9,58,500 हाती येतील. त्याचा 7.10 चा नवा रोखा घेतला तर वर्षाला 68,050 रुपये व्याज, म्हणजे आजच्यापेक्षा सुमारे 7,050 जास्त. पाच वर्षांचे 35,250. पण शेवटी 10 लाखांऐवजी 9,58,500 च परत येतील, 41,500 कमी. राहिलेला सहा हजारांचा फरक म्हणजे वाढीव पैसे तुम्हाला आधीपासून थोडे थोडे मिळतात, त्यावर मिळू शकणारं व्याज. गोळाबेरीज शून्य. त्यात नवल नाही. भाव बरोबरी करूनच ठरलाय, तर अदलाबदलीत फायदा निघणार कुठून?

शून्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. मध्ये येतो कर. तुम्ही हा रोखा 100 ला घेतलेला आहे. मुदतीअंती 100 च मिळाले की नफा शून्य, त्यामुळे भाव 95.85 वरून 100 ला परत चढतो त्या चढणीवर तुम्हाला एक पैसाही कर नाही. अदलाबदल केली की तीच चढण वाढीव व्याजाच्या रूपात येते आणि व्याजावर उपकरासह 20.8 टक्के कर. ते 7,050 हातात 5,580 होऊन पडतात. पाच वर्षांचे सुमारे 27,900, आणि ते मिळाल्याबरोबर पुन्हा गुंतवत गेलात तरी 31,700 च्या आसपास. सोडून दिले 41,500. म्हणजे दहाएक हजार रुपये पदरचे घालून मित्राचं समाधान करायचं. विक्रीचा तोटा दीर्घ मुदतीचा भांडवली तोटा म्हणून धरता येतो हे खरं, पण तो फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच वजा होतो, आणि त्या नफ्यावरचा कर 12.5 टक्के. पुरेसा नफा असला तरी पाच हजारांवर काही वाचतात. खड्डा तेवढ्याने भरत नाही.

‘विकला नाही तर तोटा झालाच नाही’ असं म्हणणारेही तुम्हाला भेटतील. माझं त्यांच्याशी पटत नाही. तोटा झालेला आहे. बाजारात 7.10 मिळत असताना तुम्ही पाच वर्षं 6.10 घेणार, तो 41,500 हा त्याचाच आजचा हिशेब. ठेवलात तर तो दर सहामाहीला थोडा थोडा सोसाल, विकलात तर एकदम. विकल्याने तो वाढत नाही, ठेवल्याने टळत नाही. म्हणून ‘तोटा भरून काढायचा’ हा विचार सोडून एवढंच विचारा, की हे साडेनऊ लाख आज रोख हातात असते तर पाच वर्षांसाठी सगळ्यात चांगलं कुठे ठेवले असते?

आणि इथे तुमचं वय कामाला येतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर बाजार ठरवत नाही, सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. एप्रिल 2023 मध्ये तो 8.2 टक्के झाला. (पैसे टाकण्याआधी चालू तिमाहीचा दर बघून घ्या. एकदा टाकले की तुमच्या खात्याला तोच दर पाच वर्षं राहतो.) बाजारातले दोन रोखे एकमेकांशी बरोबरी करून बसतात, पण ही योजना त्या बरोबरीच्या बाहेर आहे आणि तुमचा 1.10 टक्क्यांचा खरा फायदा तिथे आहे. कमाल मर्यादा 30 लाख, तुम्ही 12 वर आहात.

मी सगळे 10 लाख हलवणार नाही. दोन वर्षांनी लागणारे 4 लाख रोख्यातच राहू द्या. योजनेच्या खात्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, खातंच बंद करावं लागतं: वर्ष ते दोन वर्षांत मोडलं तर मुद्दलातून दीड टक्का कापतात, दोन वर्षांनंतर एक टक्का. ती कपात धरली तर दोन वर्षांच्या कमाईत रोखा आणि योजना जवळपास सारखेच पडतात, मग उगाच उठाठेव कशाला. तोवर रोख्याला तीनच वर्षं उरतील. दर आहे तिथेच राहिले तर भाव 97.34 च्या आसपास असेल, आणखी एक टक्का वाढले तरी 94.77.

उरलेले 6 लाख विका. आजच्या भावाने 5,75,100 येतील, त्यातले 5,75,000 योजनेत. आज या भागावर वर्षाला 36,600 मिळतात, तिथे 47,150 मिळतील. कर वजा जाता वाढ सुमारे 8,350, पाच वर्षांत 41,750. शेवटी 25,000 कमी परत येतील. निव्वळ पुढे 16,750 रुपये. श्रीमंत करणारा आकडा नाही, पण सरकारच्याच हमीवर मिळतोय. मात्र जुन्या 12 लाखांचं व्याज धरून वर्षाचं व्याज एक लाखाच्या पुढे जाईल, त्यामुळे टीडीएस कापला जाऊ लागेल. तो जादा कर नाही, विवरणपत्रात वळता होतो.

विकताना एक अडचण येईल. पडद्यावरचा 95.85 हा मोठ्या सौद्यांचा भाव असू शकतो. पाच-सहा लाखांच्या छोट्या सौद्याला खरेदीदार कमी बोलतात. 50 पैसे कमी म्हणजे तुमचे 3,000 गेले. रिटेल डायरेक्टवर विक्रीचं शुल्क नाही, तेव्हा घाई न करता स्वतःचा भाव लावून दोन-चार दिवस वाट बघायला काही जात नाही. 95 च्या खाली मात्र देऊ नका, कारण तिथे वरच्या फायद्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग खरेदीदाराच्या खिशात जातो. मागच्या व्याजतारखेपासून विक्रीच्या दिवसापर्यंतचं व्याज या भावात धरलेलं नसतं. ते खरेदीदार तुम्हाला वेगळं देतो, तेव्हा व्याजाच्या तारखेसाठी थांबण्याची गरज नाही. आणि सुमारे 24,900 चा भांडवली तोटा यंदाच्या विवरणपत्रात, मुदतीच्या आत, दाखवाच. तो पुढची आठ वर्षं ओढता येतो, आणि त्या काळात एखादा प्लॉट किंवा म्युच्युअल फंड नफ्यात विकलात तर तिथे वजा होईल.